मोतीबिंदूचा क्लेम, चोवीस तास आणि कलम ४.५

*काका, भोसरीतल्या एका कंपनीत आहे मी. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १२ ऑगस्टला झालं, सगळे मिळून ५२,३४० रुपये गेले. १८ सप्टेंबरला क्लेम टाकला आणि २९ ला एचआरचा मेल आला, "क्लेम अमान्य. २४ तास भरती नाही (कलम ४.२). बिले अपूर्ण." बस एवढंच. कंपनीची स्वतःची मेडिकल स्कीम आहे, मध्ये इन्शुरन्स कंपनी नाही. बुकलेटचे आणि सगळ्या बिलांचे फोटो पाठवतोय. अपील करता येतं म्हणतात, पण लिहायचं काय? – स., भोसरी*

स., तुझे सगळे फोटो नीट बघितले, बुकलेटची पानं तर दोनदा वाचली, कारण बावीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून हेच क्लेम तपासलेत, आणि असे दोन ओळींचे नकार मी पण पाठवलेत, खोटं कशाला बोलू. त्यामुळे तिकडे नेमकं काय झालं असणार ते आधी सांगतो.

तुझ्या क्लेम फॉर्मवर वरच दोन चौकोन आहेत, एक हॉस्पिटलायझेशन आणि एक डे केअर. तू हॉस्पिटलायझेशनवर टिक केलंयस. खाली ॲडमिशनची वेळ सकाळी ८.३०, डिस्चार्ज दुपारी १.१५. आता तपासणाऱ्याच्या समोर दिवसाला पन्नास फाइली असतात, त्याने चौकोन बघितला, तास मोजले, पावणेपाच तास निघाले, कलम ४.२ म्हणतं किमान चोवीस, झालं, शिक्का. त्याने पुढचं पान उलटलं नाही. तुझ्यावर डूख धरून कोणी काही केलेलं नाही, तेव्हा अपिलात "अन्याय", "जाणूनबुजून" असले शब्द अजिबात नकोत. ते शब्द आले की कमिटीतला माणूस आपल्या क्लार्कच्या बाजूने उभा राहतो, आणि मग कलम कोणी वाचत नाही.

पुढच्या पानावर काय आहे ते तुला दिसलंय का माहीत नाही, कारण तू पत्रात त्याचा उल्लेखच केला नाहीयेस. कलम ४.५. बुकलेट इंग्रजीत आहे, मी अर्थ मराठीत सांगतो: परिशिष्ट ब मध्ये दिलेल्या डे केअर उपचारांना ४.२ मधली चोवीस तासांची अट लागू राहणार नाही. आणि परिशिष्ट ब मध्ये तिसऱ्या नंबरवर मोतीबिंदू शस्त्रक्रिया. तुझं अख्खं अपील या दोन ओळींवर उभं आहे. एक सर्वसाधारण नियम आहे आणि त्याच नियमातून नाव घेऊन बाहेर काढलेली एक गोष्ट आहे, तर त्या गोष्टीपुरतं बाहेर काढणारं कलम चालतं, नाहीतर ते लिहायचं कारणच काय होतं?

चोवीस तासांची अट असते कशाला हेही समजून घे, म्हणजे कोणी समोर बसून विचारलं तर बोलता येईल. सर्दी-खोकल्याला डॉक्टरकडे गेलो, इंजेक्शन घेतलं, घरी आलो, असला ओपीडीचा खर्च बाहेर ठेवायला ती अट आहे. पूर्वी मोतीबिंदूला मोठा छेद घ्यायचे, टाके घालायचे, पेशंट दिवसच्या दिवस डोळ्यावर पट्टी बांधून वॉर्डात पडून असायचा, तेव्हा प्रश्नच येत नव्हता. आता फेको पद्धतीने दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होतं, बहुतेक वेळा टाका नाही, डोळ्यात थेंब टाकून किंवा बाजूला इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात आणि जेवायच्या वेळेला माणूस घरी. ऑपरेशन तेच, थिएटर तेच, फक्त तास कमी झाले, म्हणून डे केअरची यादी जन्माला आली. विमा नियामकाची डे केअरची व्याख्या पण हेच सांगते, की भूल देऊन केलेला असा उपचार जो तंत्रज्ञान सुधारल्यामुळे चोवीस तासांच्या आत होतो आणि एरवी त्याला चोवीस तासांपेक्षा जास्त भरती लागली असती. तुमची स्कीम कंपनीची स्वतःची आहे, त्यामुळे ती व्याख्या कंपनीला बांधून ठेवत नाही, अपिलात तिच्यावर जोर देऊ नकोस. तुझ्याकडे कंपनीच्याच बुकलेटातलं कलम आहे, ते पुरेसं आहे.

आता दुसरं कारण, "बिले अपूर्ण". हे कारण मला स्वतःला कधीच आवडलं नाही, कारण त्यात कुठलं बिल आणि काय अपूर्ण हे नसतं. आजच्या आज एचआरला दोन ओळींचा मेल टाक, "२९ सप्टेंबरच्या मेलमध्ये बिले अपूर्ण म्हटलं आहे, कोणत्या बिलात कोणती त्रुटी आहे ते कृपया कळवावे." पण उत्तराची वाट बघत बसू नकोस. उत्तर नाही आलं तरी तू विचारलं होतंस याची नोंद राहते. आणि खरं सांगायचं तर या मुद्द्यावर ते पूर्ण चूक नाहीयेत. तुझे फोटो बघून मलाच तीन भोकं दिसली.

पहिलं भोक मोठं आहे. हॉस्पिटलचं फायनल बिल ४१,५०० चं, त्यात भिंग १८,०००, सर्जन आणि ओटी १९,५००, डे केअर चार्जेस २,५००, औषधं नि बाकी सामान १,५००. बिल छान आहे, फोड करून दिलेलं आहे. पण सोबत पावती फक्त १०,००० ची, ॲडव्हान्स भरला त्याची. उरलेले ३१,५०० तू यूपीआयने दिलेस आणि पावती घेतलीच नाहीस, बरोबर? बिल म्हणजे मागणी आणि पावती म्हणजे पैसे मिळाल्याची कबुली, हे दोन वेगळे कागद आहेत, आणि प्रतिपूर्ती दिलेल्या पैशांची होते, मागितलेल्या पैशांची नाही. हॉस्पिटलच्या कॅश काउंटरला जा, फायनल बिलाचा नंबर सांग, ३१,५०० ची पावती काढून दे म्हण, त्यांच्या सिस्टिममध्ये एन्ट्री असतेच. ती जुन्या तारखेची म्हणून "डुप्लिकेट" छापून देतील, चालेल, त्यावर हॉस्पिटलचा शिक्का आणि सही घे. सोबत तुझ्या बँक स्टेटमेंटमधली ती एक ओळ, बाकीच्या ओळी झाकून.

दुसरं, औषधांचं. थेंबांची दोन बिलं आहेत, १,१२० आणि ७७०. सातशे सत्तरच्या बिलावर पेशंटचं नावच नाही, नुसतं "कॅश". मेडिकलवाल्याकडे जाऊन नाव घालून बिल परत काढून घे. आणि हे नीट ऐक, स्वतःच्या पेनाने नाव लिहू नकोस. माझ्या नोकरीच्या काळात एकाने असंच केलं होतं, बिचाऱ्याचं बिल खरं होतं, औषधं खरी होती, पण वेगळ्या शाईत नाव दिसलं आणि मग त्याच्या फाइलमधला प्रत्येक कागद हॉस्पिटलला फोन करून पडताळायला निघाले, चार महिने गेले. मेडिकलवाला नाही म्हणाला तर ते ७७० सोडून दे, त्यासाठी बाकीची फाइल धोक्यात घालू नकोस. डॉक्टरांच्या ज्या चिठ्ठीवर हे थेंब लिहिलेत तिची झेरॉक्स दोन्ही बिलांच्या मागे टाचून ठेव, चिठ्ठीची तारीख बिलाच्या आधीची किंवा त्याच दिवसाची दिसली पाहिजे.

तिसरं म्हणजे भिंगाचं स्टिकर. डोळ्यात जे भिंग बसवतात त्याच्या डब्यात छोटी स्टिकरं येतात, त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि सिरियल नंबर असतो. त्यातलं एक पेशंटच्या कार्डावर लावून देतात. आईच्या फाइलमध्ये बघ, हमखास सापडेल, आपण ते कार्ड म्हणून जपून ठेवतो आणि क्लेमला जोडत नाही. अठरा हजाराच्या वस्तूचा तोच पुरावा आहे.

डिस्चार्ज कार्ड मात्र चांगलं आहे तुझं. त्यावर फेको लिहिलंय, उजवा डोळा लिहिलाय, लोकल भूल लिहिलीय, दोन्ही वेळा लिहिल्यात. तेच अपिलाचं दुसरं पान कर. एक अजून, अकाउंट्सवाले कधीकधी "हॉस्पिटलच्या बिलावर जीएसटी नंबर नाही" असं काढतात. दवाखान्याच्या उपचारसेवेला जीएसटीतून सूट आहे, त्यामुळे डोळ्यांच्या छोट्या हॉस्पिटलच्या बिलावर तो नंबर नसला तर त्यात वावगं काही नाही. स्वतःहून हा विषय काढू नकोस, निघाला तर एवढं सांग.

आता आकडा. इथे बहुतेक लोक चुकतात आणि तूही चुकलायस. ५२,३४० च्या ५२,३४० मागितलेस. बुकलेट उघडून एकेक रुपया कलमाखाली बसव, मग काय उरतं बघ. कलम ५.३ म्हणतं मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी शस्त्रक्रिया, भिंग आणि हॉस्पिटल खर्च मिळून कमाल ३५,०००. म्हणजे ४१,५०० मधले ६,५०० गेले, ते काही केल्या मिळणार नाहीत. पण नीट वाच, ती मर्यादा शस्त्रक्रिया, भिंग आणि हॉस्पिटल एवढ्यावरच आहे, आधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं तिच्यात धरलेली नाहीत, ती कलम ५.६ मध्ये वेगळी आहेत, भरतीआधी ३० दिवस आणि डिस्चार्जनंतर ६० दिवस. काही कंपन्यांच्या बुकलेटात "सर्व खर्चासह" असा शब्द असतो आणि मग हे सगळं ३५ हजारातच कोंबावं लागतं, तुमच्यात तो शब्द नाही हे तुझं नशीब.

तर आधीचा खर्च, ६ ऑगस्टला भिंगाच्या मापाचं ए-स्कॅन १,२०० आणि रक्त, ईसीजी वगैरे १,४५०, हे ३० दिवसांत बसतात. पण पहिली तपासणी २ जुलैची आहे, ऑपरेशनच्या ४१ दिवस आधी, ते ७०० बाहेर. नंतरचा खर्च, दोन तपासण्यांचे १,००० आणि थेंबांचे १,८९०, सगळे ६० दिवसांच्या आत. चष्मा ४,६०० चा, आणि कलम ७ मध्ये चष्मा सरळ वगळलेला आहे. ऑपरेशननंतरचाच चष्मा आहे, तो लागणारच होता, मला कळतं, पण कलमात अपवाद नाही.

म्हणजे ३५,००० अधिक २,६५० अधिक २,८९०, झाले ४०,५४०. एवढेच माग. बाकीचे ११,८०० तूच आपल्या हाताने सोडून दे, आणि कुठल्या कलमामुळे सोडतोयस ते लिही. यात पैशाने तुझं काही जात नाही, कारण ते मिळणारच नव्हते. पण कमिटीपुढे दोन अपिलं आली, एकात सगळे पैसे द्या म्हटलंय आणि दुसऱ्यात कापायचं ते आधीच कापून दिलंय, तर दुसऱ्यावर सही करायला त्यांना काही कष्टच उरत नाहीत. मी स्वतः असल्या कागदावर पाच मिनिटांत सही केलीय.

पत्र एका पानाचं. बुकलेट इंग्रजीत आहे म्हणून कलमांची वाक्यं इंग्रजीतच, स्वल्पविरामासकट जशीच्या तशी उतरव, आपल्या शब्दांत सांगायला जाऊ नकोस. बाकी पत्र तुमच्याकडे ज्या भाषेत चालतं त्यात. साधारण असं:

> विषय: क्लेम क्र. ____, दि. २९ सप्टेंबरच्या नकाराविरुद्ध कलम ९ खाली अपील
>
> माझ्या आईच्या (अवलंबित म्हणून नोंद आहे) उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा क्लेम कलम ४.२ चा आधार घेऊन नाकारण्यात आला आहे.
>
> कलम ४.५ असे आहे: "____". परिशिष्ट ब, अनुक्रमांक ३ वर मोतीबिंदू शस्त्रक्रिया आहे. डिस्चार्ज कार्डावर (जोडपत्र १) हीच शस्त्रक्रिया नोंदलेली आहे. त्यामुळे या क्लेमला २४ तासांची अट लागू होत नाही. क्लेम फॉर्मवर माझ्याकडून डे केअरऐवजी हॉस्पिटलायझेशनवर खूण झाली, ती दुरुस्त करून फॉर्म पुन्हा जोडला आहे (जोडपत्र २).
>
> बिलांबाबत: ३१,५०० रुपयांची पावती (जोडपत्र ३), भिंगाचे स्टिकर (जोडपत्र ४) आणि पेशंटच्या नावासह औषधाचे बिल (जोडपत्र ५) आता जोडत आहे. याशिवाय काही त्रुटी असल्यास कोणत्या बिलात व कोणत्या कलमानुसार ते कळवावे.
>
> कलम ५.३, ५.६ व ७ विचारात घेता देय रक्कम ४०,५४० रुपये होते. तक्ता मागे जोडला आहे. मूळ मागणीतील ११,८०० रुपये मी मागे घेत आहे.
>
> अपील मान्य न झाल्यास निर्णय कारण व कलमासह लेखी द्यावा.

तक्त्यात पाच रकाने पुरे, बिल नंबर, तारीख, रक्कम, कलम, देय किती. प्रत्येक बिलाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने तोच नंबर टाक जो तक्त्यात आहे. खूळ वाटेल तुला, पण तपासणारा बिल शोधत बसला की वैतागतो आणि वैतागला की पुन्हा "बिले अपूर्ण".

फॉर्मवरची चूक कबूल केली तर ते तिचाच फायदा घेतील असं वाटतंय ना? उलट आहे. क्लार्कने चूक केली असं म्हटलं तर कमिटीला त्याला खोटं पाडावं लागतं, तुझी टिक चुकली म्हटलं की सगळ्यांचीच सुटका होते आणि क्लेम पुन्हा उघडायला कारण मिळतं.

आई अवलंबित आहे हे मी कंसात घातलंय ते उगाच नाही. तुझ्या डिक्लरेशनमध्ये आईचं नाव या वर्षी आहे ना हे आधी एचआर पोर्टलवर बघून स्क्रीनशॉट काढून ठेव, कारण पहिलं कारण कोसळलं की दुसरं शोधायची सवय काही ऑफिसांना असते, आणि आईवडलांच्या क्लेमला ते कायम हेच असतं. नाव नसेल तर गोष्ट वेगळी, मग हे अपील पाठवायच्या आधी मला परत लिही.

मुदत बघ. कलम ९ मध्ये नकार मिळाल्यापासून ३० दिवस, म्हणजे २९ ऑक्टोबर. एकोणतीसला देऊ नकोस, सुट्ट्या मध्ये येतात आणि ज्याने घ्यायचं तो रजेवर असतो. दोन प्रती कर, एक एचआर हेडच्या मार्फत मेडिकल कमिटीला दे आणि दुसरीवर इनवर्डचा शिक्का, तारीख घेऊन परत आण. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी सगळं स्कॅन करून मेल कर, मेलला तारीख आपोआप पडते. ओरिजिनल पावत्या देण्याआधी सगळ्यांचे फोटो काढून ठेव, आणि पावत्यांची यादी इनवर्डच्या प्रतीवर लिहून घे. नंतर "ओरिजिनल मिळाल्याच नाहीत" ऐकायला मिळतं, हसू नकोस, मिळतं.

पुढे काय होईल? मला वाटतं ३५,००० निघतील आणि ५.६ खालच्या ५,५४० वर थोडी खेचाखेच होईल, कारण डे केअरला भरतीआधी-भरतीनंतर लागू कसं हा प्रश्न कोणीतरी काढेल. कलम ४.५ मध्येच डे केअर उपचार "भरती समजला जाईल" असं वाक्य आहे, पानाच्या अगदी तळाला, तुझ्या फोटोत अर्धं कापलंय. त्या वाक्याचा पूर्ण फोटो काढून ठेव, लागला तर तोच उत्तर आहे. अर्धवट रक्कम मंजूर झाली तर पैसे घे, पण "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर सही करायच्या आधी बाकीच्याचं काय ते लेखी विचार.

कमिटीनेही नाही म्हटलं तर मर्यादा सांगून ठेवतो. विमा लोकपालाकडे जा असं तुला कोणीतरी सांगेल, पुण्यात त्यांचं ऑफिस आहेच, पण ते विमा कंपन्यांच्या विरुद्धच्या तक्रारींसाठी. तुमची स्कीम खरोखर कंपनीच चालवत असेल तर तो दरवाजा तुला नाही. मात्र "इन्शुरन्स कंपनी मध्ये नाही" हे तुला कोणी सांगितलं? बऱ्याच ठिकाणी कंपनीचं बुकलेट पुढे असतं आणि मागे ग्रुप पॉलिसी असते, मध्ये विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारा टीपीए असतो. एचआरला विचार की मास्टर पॉलिसी आहे का. असली, तर नकार विमा कंपनीच्या लेटरहेडवर यायला हवा, आणि मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून लोकपालापर्यंतचा रस्ता खुला होतो. नसली, तर युनियन. तुमच्याकडे युनियन आहे आणि स्कीम जर पगारवाढीच्या करारात लिहिलेली असेल तर ते कलम युनियनच्या सेक्रेटरीकडे मागून घे, कारण मग ती मेहरबानी राहत नाही, कराराचा भाग होते, आणि प्रश्न कामगार आयुक्तांच्या ऑफिसपर्यंत नेता येतो. पण माझ्या मते तिथवर जायची वेळ येणार नाही.

आणि डावा डोळा राहिलाय ना आईचा? डिस्चार्ज कार्डवर तिथेही मोतीबिंदू लिहिलाय. ५.३ ची मर्यादा डोळ्याला आहे, वर्षाला नाही, तेव्हा दुसऱ्या डोळ्याचे ३५,००० वेगळे. ऑपरेशनची तारीख आधी ठरव आणि मग त्याच्या तीस दिवसांच्या आतच तपासणी करून घे, भिंग निवडताना ३५ हजाराचा आकडा डॉक्टरांना सांग, साधं मोनोफोकल घेतलं तर त्यात बसतं का ते विचार, काउंटरवरून दोन्ही पावत्या घेऊनच बाहेर पड, आणि फॉर्मवर डे केअरच्या चौकोनात टिक.